सोहमचे चार किलो: डबा, खाऊ आणि मोबाइल यांचा हिशोब

मागच्या पालकसभेत मी वीस मिनिटं बोलणार होते, तासभर बोलले. ज्यांना येता आलं नाही त्यांनी आलेल्यांना विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या?" आणि आलेल्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. एका आजीबाईंपर्यंत तर "शाळेने लाडू बंद केले" अशी बातमी पोहोचली. म्हणून मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून त्या दिवशी जे बोलले, ते मधल्या प्रश्नोत्तरांसकट लिहून काढते आहे.

निमित्त होतं आरोग्य तपासणीच्या कार्डांचं. काही मुलांच्या कार्डावर "अतिवजन" असा शेरा आला आणि पालकांच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत चर्चा झाली. त्यातच मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना कशात किती साखर असते हे दाखवणारे फलक लावायला सांगितले होते. आपली शाळा राज्य मंडळाची, तरी आपणही व्हरांड्यात एक लावला. त्यावर एका बाबांनी लिहिलं, "पोराच्या तोंडचा घास मोजायला लागली आता शाळा." राग मला समजला. पण तो शेरा नेमका काय सांगतो हे बहुतेकांना माहीत नव्हतं, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

शेरा वजनावर नसतो

कार्डावर "बीएमआय" लिहिलेलं असतं. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की तो आकडा मिळतो. उंचीच्या मानाने वजन किती, एवढंच तो सांगतो. मोठ्या माणसाला एकच मोजपट्टी लागू पडते, मुलांना पडत नाही. मुलं वाढत असतात आणि त्या वाढीत हा आकडा आधी खाली जातो, मग वर येतो. बाळ वर्षाचं होईपर्यंत गुबगुबीत असतं, पुढे चालायला-पळायला लागलं की सडपातळ होतं आणि पाच-सहा वर्षांनंतर पुन्हा हळूहळू भरतं. म्हणून मुलाचा आकडा त्याच्या वयाच्या आणि मुलगा-मुलगीच्या तक्त्यावरच बघायचा असतो.

उदाहरणासाठी मी कागदावर एक मुलगा तयार केला. त्याला सोहम म्हणू. आपल्या शाळेतल्या कोणाचं हे कार्ड नाही, उगाच शोधत बसू नका.

सातव्या वर्षी सोहमची उंची १२२ सेंटिमीटर आणि वजन २३ किलो. बीएमआय साडेपंधराच्या आसपास, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर बरोबर मधोमध. आठव्या वर्षी उंची १२७.५, वजन २७ आणि बीएमआय १६.६. नवव्या वर्षी उंची १३३, वजन ३२ आणि बीएमआय १८.१. नऊ वर्षांच्या मुलासाठी अतिवजनाची रेषा साधारण १८ ला आहे. सोहमने ती जेमतेम ओलांडली.

आता तुम्ही त्याला वर्गात पाहिलंत तर कोणीच जाड म्हणणार नाही. "तब्येत चांगली आहे" म्हणतील. शर्टाचा माप-नंबर एकाने वाढला, इतकंच. म्हणूनच आई-बाबांना शेरा अन्यायाचा वाटतो. पण बघायचं आहे ते दोन वर्षांत आकडा कुठून कुठे गेला हे. या वयाच्या मुलाने वर्षाला अडीच-तीन किलो वाढणं अपेक्षित असतं. सोहम आधी चार आणि मग पाच किलोंनी वाढला. मधल्या रेषेवरचा मुलगा नवव्या वर्षी २८ किलोंचा असतो, आणि हा ३२ चा. आपला सगळा हिशोब या वरच्या चार किलोंचा आहे.

चार किलो आले कुठून?

खाण्यातून मिळणारी ऊर्जा कॅलरीत मोजतात. खर्चून उरलेली ऊर्जा शरीर टाकून देत नाही, चरबी करून ठेवतं. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. चार किलोंच्या झाल्या ३०,८००. दोन वर्षांच्या ७३० दिवसांनी भागा. रोजच्या ४२ कॅलरी शिल्लक पडल्या.

बेचाळीस कॅलरी म्हणजे दोन चहाचे चमचे साखर. बस्स, एवढीच.

सभेत इथे कुजबुज झाली, कारण सगळ्यांना वाटत होतं की मूल जाड होतं ते खूप खाण्याने. सोहम खादाड नाही. तो रोज जवळपास बरोबरच खातो, फक्त रोज जराशी बाकी राहते.

पण या हिशोबात एक मेख आहे आणि ती न सांगणं बरोबर नाही. दोन चमचे साखर बंद केली की चार किलो उतरतील, असं होत नाही. शरीर मोठं झालं की त्याचा खर्चही वाढतो, जसं मोठ्या घरात राहायला गेलं की विजेचं बिल वाढतं. त्यामुळे ४२ कॅलरी *साठायला* सोहमने रोज त्याहून बऱ्याच जास्त कॅलरी खाल्लेल्या असणार. त्यातल्या काही त्या मोठ्या शरीराला चालवण्यात गेल्या. तेव्हा चमच्याचा हिशोब प्रमाण कळण्यापुरता घ्या, औषधाच्या चिठ्ठीसारखा नको.

"आमच्याकडे गोड खातंच कोण?"

हा प्रश्न पहिल्याच रांगेतून आला. मिठाई सणालाच येते, आइसक्रीम महिन्यातून एकदा. मग मी सोहमचा एक साधा सोमवार फळ्यावर लिहिला.

सकाळी दुधात दोन चमचे साखर आणि वर चॉकलेटची पावडर. पावडरीतही साखर असते, तिचा एक चमचा धरला. छोट्या सुट्टीत चार क्रीमची बिस्किटं, त्यांत मिळून तीन चमचे. मोठ्या सुट्टीच्या डब्यात पोळीला जॅम लावून केलेली गुंडाळी, दोन चमचे. वर्गात कोणाचा तरी वाढदिवस होता, टॉफीचा एक. घरी आल्यावर आंब्याच्या पेयाचा छोटा खोका, चार चमचे. बेरीज केली तर तेरा चमचे, म्हणजे ६५ ग्रॅम साखर. मिठाईचा कण नाही, आइसक्रीम नाही. आईने शपथेवर सांगितलं असतं की आज गोड काही खाल्लं नाही, आणि ते तिला खरंच वाटलं असतं.

किती चालते? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,७०० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे की वरून घातलेली साखर, मध, गूळ आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहाव्या भागापेक्षा कमी असावी आणि निम्म्यावर आणता आली तर आणखी बरं. दहावा भाग म्हणजे १७० कॅलरी, सुमारे आठ चमचे. त्याचा निम्मा चार. अख्खं फळ आणि साधं दूध या मोजणीत धरत नाहीत.

तेरा चमच्यांतले चार एकट्या त्या खोक्यातून आले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चार चमच्यांच्या ८० कॅलरी एका पोळीच्या जवळपास जातात. पण पोळी खाल्ली तर रात्री मूल अर्धी पोळी कमी खातं, पोट हिशोब ठेवतं. प्यायलेल्या साखरेचा हिशोब पोट फार ढिला ठेवतं. खोका संपतो आणि जेवण तेवढंच होतं. म्हणून एकच गोष्ट बदलायची असेल तर लाडवाच्या डब्याला कुलूप लावू नका, तो खोका आणणं थांबवा. आजीबाई, तुमचा शेंगदाण्याचा लाडू सुखरूप आहे. तोही गोड आहेच, पण तो चावावा लागतो, त्यात दाणे आहेत आणि एकाने पोट भरतं. पाच खाल्ले तर मात्र माझ्याकडे येऊ नका.

डबा परत येतो, त्याचं काय?

इथे आयांचा आवाज चढला आणि तो रास्त होता. "पोळी-भाजी दिली तर तशीच परत येते. बिस्किटं तरी पोटात जातात."

मी दोन दिवस मोठ्या सुट्टीत चौथीच्या वर्गात जाऊन बसले. सुट्टी पंचवीस मिनिटांची. हात धुवायची रांग, डबा उघडायची खटपट, मग मैदानावर पळायची घाई. जेवायला हातात उरतात दहा-बारा मिनिटं. त्या वेळात रस्सा सुटलेली भाजी आणि वातड झालेली पोळी तोडून खाणं कोणालाही कंटाळवाणं आहे. मुलं ती नावडते म्हणून ठेवतात असं नाही, वेळेत संपत नाही म्हणून ठेवतात. याउलट त्याच भाजीची कोरडी गुंडाळी केलेली पोळी, थालीपिठाचे चतकोर, मटकीची कोरडी उसळ चमच्यासकट, असे डबे रिकामे गेलेले मी पाहिले. हातात धरून खाता येतं, सांडत नाही आणि थंड झालं तरी चव जात नाही. या तीन अटींत जे बसेल ते द्या. रोज नवा पदार्थ करायची गरज नाही. मुलांना तोच तोच डबा चालतो, कंटाळा मोठ्यांनाच येतो.

चिप्सच्या पुडीचं वेगळं आहे. तीस ग्रॅमच्या पुडीत साधारण १६० कॅलरी असतात, तेल लावलेल्या एका पोळीपेक्षा थोड्या जास्तच. पण पुडी दोन मिनिटांत संपते आणि पोट रिकामंच राहतं, कारण भरल्यासारखं वाटायला लागणारे तंतू, प्रथिनं, पाणी आणि चावण्याचा वेळ यांतलं तिच्यात फार काही नसतं. म्हणजे ती पोळीच्या जागी जात नाही, पोळीच्या वर जाते.

मागून एक बाबा म्हणाले, "आणि फाटकाबाहेर गाडी लागते ती?" बरोबर आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. ती गाडी तिथे उभी राहते यात आमचंही दुर्लक्ष आहे. शिवाय पंधरा ऑगस्टला मुलांच्या हातात चॉकलेटं शाळेनेच ठेवली होती आणि परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो, तोही शाळेतच. या दोन्ही गोष्टी या वर्षी बंद केल्या आहेत.

मोबाइलने वजन कसं वाढेल? तो काय खातो का?

हा प्रश्न हसत विचारला गेला, पण प्रश्न फार चांगला आहे. बहुतेकांचं उत्तर असतं, "बसून राहतात ना, खेळत नाहीत." ते थोडंसंच खरं आहे.

अमेरिकेत सॅन होजे शहरातल्या दोन शाळांत एक प्रयोग झाला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरी-चौथीची १९२ मुलं होती. एका शाळेत सहा महिने मुलांना टीव्ही आणि व्हिडिओ गेम कमी करायला शिकवलं, दुसरीत काहीच केलं नाही. काय खा, काय खाऊ नका, पळा, खेळा, असं काही सांगितलं नव्हतं. वर्षाच्या शेवटी पहिल्या शाळेतल्या मुलांचा बीएमआय दुसरीतल्या मुलांपेक्षा कमी वाढला होता. गंमत अशी की ती मुलं जास्त खेळायला लागली असं मोजमापात दिसलं नाही. टीव्हीसमोर बसून जेवणं मात्र कमी झालं होतं.

म्हणजे वाट पुष्कळशी ताटातूनच जाते. सोहमच्या घरात काय होतं बघा. रात्री जेवताना त्याच्यासमोर मोबाइल टेकवलेला असतो, कारण नाहीतर तो दोन घासांत उठतो. आई भरवते, तो तोंड उघडतो. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत यायला काही मिनिटं लागतात आणि तो ऐकू यायला लक्ष जेवणावर असावं लागतं. इथे लक्ष दुसरीकडे आहे. "अजून दोनच घास" हे सोहमचं पोट म्हणत नाही, व्हिडिओ संपला नाही म्हणून आई म्हणते. महिनोन् महिने असं चाललं की भूक आणि पोट भरणं यांतला फरक मुलालाच ओळखू येईनासा होतो. दोन घासांत उठतो तर उठू द्या. पुढच्या वेळेला भूक लागली की येईल.

दुसरी वाट झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. आपली शाळा सकाळची, सोहम सहाला उठतो. तो अकराला झोपत असेल तर सातच तास झाले. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, त्यातही ओढ गोड-तळलेल्याकडे असते, आणि दमल्यामुळे संध्याकाळी मैदानावर जायचा उत्साह राहत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीन दिवसाला दोन तासांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. पण तास मोजण्यात रोज भांडणं होतात, हे मला ठाऊक आहे. मी म्हणेन, तास नंतर बघू. आधी जेवणाच्या ताटासमोर आणि झोपायच्या खोलीत मोबाइल नको, एवढं करा. हा नियम बाबांनाही लागू, यावर सभेत सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत.

"उंची वाढली की आपोआप जाईल"

कधीकधी जातं. पण कोणाचं जाईल हे आधी कळत नाही, आणि सोहमसारखा वर्षागणिक रेषा सोडून वर चढणारा आकडा आपोआप वळेल याचा भरवसा धरता येत नाही.

"आमच्या घराण्यातच असं आहे" हेही ऐकलं. घराण्याचा वाटा असतो, नाही असं नाही. पण घराण्यातून शरीराच्या ठेवणीबरोबर जेवणाच्या सवयीही येतात, आणि त्या बदलता येतात.

"थायरॉइड असेल" असं म्हणणाऱ्यांसाठी एक सोपी खूण आहे, उंची बघा. नुसतं जास्त खाण्याने वजन वाढलेली मुलं बहुधा वर्गात उंचही असतात, कारण त्या वयात जास्तीचं अन्न उंचीलाही रेटा देतं. संप्रेरकांचा आजार असेल तर उलट होतं, वजन वाढतं आणि उंची अडते. सहा महिन्यांत उंची जवळपास हललीच नाही तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी त्वचा दिसली तरी जा. कितीतरी आया तो मळ समजून घासत बसतात. तो मळ नसतो. शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसल्याची ती खूण असू शकते. झोपेत मोठ्याने घोरणं हेही डॉक्टरांना सांगायचं.

आणि ज्यांचं मूल बारीक आहे त्यांनी?

त्यांनी निर्धास्त होऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बीएमआय तोच आणि चरबी दुपटीहून जास्त. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचा बांधा असाच असतो, हाडं-स्नायू कमी आणि चरबी आत, पोटाशी. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या २०१५ च्या तक्त्यांत अतिवजनाची रेषा मोठ्यांच्या २३ शी जुळवलेली आहे. इतरत्र ती २५ शी जुळवतात. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असलेल्या मुलालाही तो आंब्याचा खोका चालत नाही.

मग सोहमचं वजन उतरवायचं का?

नाही. हे मी सभेत तीनदा सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवायचं नाही, पोळ्या मोजायच्या नाहीत, आणि त्याच्यासमोर "जाड" हा शब्द काढायचा नाही. तो शब्द वर्गात आधीच कोणीतरी काढलेला असतो.

करायचं एवढंच की वजन सावकाश वाढू द्यायचं आणि उंचीला त्याला गाठू द्यायचं. सोहम पुढच्या वर्षी साडेपाच सेंटिमीटर वाढून १३८.५ चा होईल. आतासारखाच पाच किलोंनी वाढला तर ३७ किलो आणि बीएमआय १९.३, म्हणजे दहाव्या वर्षाच्या साडेअठराच्या रेषेच्याही वर. पण खोका बंद झाला, दुधातली साखर दोनाची एक झाली, जेवताना मोबाइल नसला आणि तो दोनच किलोंनी वाढला, तर ३४ किलो आणि बीएमआय १७.७. तो रेषेच्या खाली आला, आणि वजन एका ग्रॅमनेही उतरलं नाही. वाढत्या मुलाला ही सवलत असते. आपल्याला नसते.

डॉक्टरांनी शेऱ्यापुढे लाल खूण केली असेल किंवा वर सांगितलेल्यांपैकी काही दिसत असेल, तर मात्र घरच्या हिशोबावर थांबू नका.

आपण यापुढे वर्षातून दोनदा मोजणार आहोत, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. मुलांना एकेकटं आत बोलावू, आकडा मोठ्याने वाचणार नाही, आणि कार्ड बंद पाकिटात पालकांच्याच हाती देऊ. त्या दिवशी मुलींच्या वेण्या डोक्यावर बांधू नका, उंची दोन सेंटिमीटरने जास्त येते आणि सगळा हिशोब चुकतो. मधल्या सहा महिन्यांत घरी रोज काट्यावर उभं करू नका. पाणी प्यायलं तरी काटा हलतो.